उद्घाटन समारंभाचे सूत्रसंचालन कसे लिहावे? कोणाचा परिचय कधी द्यावा? संपूर्ण क्रम आणि नमुना स्क्रिप्ट

गावात नवी अभ्यासिका बांधून झाली. पत्रिका छापल्या, मंडप पडला, साउंडवाला आला. आदल्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी म्हणते, "सूत्रसंचालन तू कर, तुझा आवाज चांगला आहे." मग मोबाइलवर चारोळ्यांचा शोध सुरू होतो. पण उद्घाटनाचा कार्यक्रम सहसा चारोळ्या कमी पडल्या म्हणून फसत नाही. नावांचा क्रम चुकतो, कोणाचा परिचय राहून जातो, कोणाचा दोनदा होतो आणि ज्याने जागा दिली त्याचे नाव थेट आभारात येते. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

म्हणून या लेखात मुख्य भर एकाच गोष्टीवर आहे: उद्घाटन समारंभात कोणाचे नाव कधी घ्यायचे आणि कोणाचा परिचय नेमका कुठे ठेवायचा. समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ.

उदाहरण: मिरजगावातील अभ्यासिका

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले मिरजगाव. समजा, इथल्या एका सार्वजनिक वाचनालयाने स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधली आहे. कार्यक्रम संस्थेचा आहे, सरकारी नाही. व्यासपीठावर सहा जण असणार आहेत:

- अध्यक्ष: परिसरातले एक निवृत्त प्राचार्य
- उद्घाटक: विधानसभा सदस्य
- प्रमुख पाहुणे: जिल्हा ग्रंथालय अधिकारी
- सरपंच
- जागा देणारे देणगीदार
- वाचनालयाचे सचिव

हे उदाहरण कल्पित आहे, पण अशी सहा माणसे जवळपास प्रत्येक गावच्या उद्घाटनाला असतात. तुमच्या कार्यक्रमात पदे बदलतील, क्रमाचे तत्त्व तेच राहील.

आधी हे समजून घ्या: एकच यादी, दोन दिशा

नवीन सूत्रसंचालक पाहुण्यांची एक यादी करतो आणि तीच वरून खाली कार्यक्रमभर वाचत राहतो. गडबड इथेच होते. उद्घाटन समारंभात तीच यादी दोन वेगवेगळ्या दिशांनी चालते.

स्वागत आणि सत्कार वरून खाली होतात. आधी अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, त्यानंतर सरपंच आणि बाकीचे. व्यासपीठावर बोलावतानाही हाच क्रम असतो.

भाषणे खालून वर जातात. आधी प्रास्ताविक, मग स्थानिकांची मनोगते, मग प्रमुख पाहुणे, मग उद्घाटक आणि सर्वांत शेवटी अध्यक्ष. याचे कारण सोपे आहे. अध्यक्षांनी सभेत झालेल्या सगळ्या भाषणांचा समारोप करायचा असतो. त्यांच्यानंतर फक्त आभार येतात, दुसरे भाषण येत नाही.

सत्काराची यादी भाषणांनाही तशीच लावली तर अध्यक्ष पहिल्यांदा बोलून मोकळे होतात आणि सभा समारोपाविना संपते. म्हणून कागदावर दोन स्तंभ करा. डावीकडे "मानाचा क्रम" आणि उजवीकडे "बोलण्याचा क्रम" लिहा. पुढची सगळी स्क्रिप्ट या दोन स्तंभांवर उभी राहते.

अध्यक्ष मोठे की आमदार?

संस्थेच्या खासगी कार्यक्रमात त्या सभेपुरते अध्यक्षांचे स्थान सर्वांत वरचे असते. व्यासपीठावर पदाने मोठी व्यक्ती असली तरी मधली खुर्ची अध्यक्षांची आणि शेवटचे भाषणही त्यांचेच. उद्घाटक त्यांच्या उजव्या हाताला आणि प्रमुख पाहुणे डाव्या हाताला बसवण्याची पद्धत आहे.

कार्यक्रम सरकारी असेल तर मात्र क्रम सूत्रसंचालकाने ठरवायचा नसतो. मंत्री, खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे पदाधिकारी, अधिकारी यांची नावे कोणत्या क्रमाने घ्यायची हे राजशिष्टाचाराप्रमाणे ठरते. ती यादी आयोजक कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. पत्रिका, नामफलक आणि तुमची स्क्रिप्ट या तिन्हींत एकच क्रम आहे ना, हे जुळवून पाहा. फलकावर एक क्रम आणि माईकवर दुसरा झाला, तर जमलेल्या गर्दीच्या ते लगेच लक्षात येते.

सूचना आणि अनुमोदन होईपर्यंत अध्यक्ष "नियोजित" असतात

सभेची रीत अशी आहे की एक जण अध्यक्षांच्या नावाची सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो आणि मग ती व्यक्ती अध्यक्षस्थान स्वीकारते. त्याआधी त्यांचा उल्लेख "नियोजित अध्यक्ष" असा करायचा. शब्द छोटा आहे, पण ज्येष्ठ मंडळी तो कान देऊन ऐकतात.

अध्यक्षांच्या परिचयाची जागाही इथेच सापडते. सूचना मांडणाऱ्यानेच दोन-तीन वाक्यांत अध्यक्षांची ओळख करून द्यावी, म्हणजे हेच नाव का सुचवले ते श्रोत्यांना कळते. मग अध्यक्षांचा वेगळा परिचय ठेवायची गरज उरत नाही. सूचना कोण मांडणार आणि अनुमोदन कोण देणार, या दोघांना आदल्या दिवशीच सांगा. ऐनवेळी नाव पुकारल्यावर "मी? मला कोणी सांगितलंच नाही" असे उत्तर आले, की पहिल्या दहा मिनिटांतच कार्यक्रम सैल पडतो.

फीत दारात कापतात, माईक मंडपात असतो

पत्रिकेत "उद्घाटन" हा शब्द मधे कुठेतरी छापलेला असला तरी गावाकडे पाहुणे गाडीतून उतरले की आधी इमारतीच्या दाराशी जातात. फलकाचे अनावरण होते, फीत कापली जाते, आत फेरी होते आणि मग सगळे मंडपात येतात. म्हणजे सभा सुरू होण्याआधीच मुख्य विधी पार पडलेला असतो. मंडपात बसलेल्यांना, विशेषतः मागच्या महिला आणि वृद्धांना, तिकडे काय चालले आहे हे दिसत नाही.

म्हणून साउंडवाल्याकडे एक बिनतारी माईक आधीच मागून ठेवा आणि दाराशी स्वतः उभे राहा. इथे लांब परिचय नको. नाव, पद आणि आत्ता काय होत आहे, एवढेच पुरे:

"आपल्या अभ्यासिकेच्या नामफलकाचे अनावरण होत आहे कर्जत-जामखेडचे विधानसभा सदस्य माननीय श्री. … यांच्या हस्ते. सोबत आहेत आजच्या सभेचे नियोजित अध्यक्ष प्राचार्य श्री. … आणि ही जागा वाचनालयाला देणारे श्री. …"

या दोन वाक्यांत देणगीदाराचे नाव फीत कापण्याच्या क्षणी आले, म्हणजे पाहुण्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर आले. जागा देणाऱ्या माणसाचा तो मान आहे आणि त्यासाठी पाच सेकंदही लागत नाहीत.

परिचय कोणाचा, किती आणि कुठे?

एक नियम पाळा: पूर्ण परिचय एका माणसाचा एकदाच द्यायचा, आणि तो त्याच्या भाषणाच्या लगेच आधी.

पुष्कळ ठिकाणी सत्काराच्या वेळीच सगळ्यांचे परिचय उरकतात. मग होते काय? माईकवर सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. सहा पाहुण्यांचा प्रत्येकी १५० शब्दांचा परिचय म्हणजे ९०० शब्द, म्हणजे नऊ मिनिटे नुसती पदे आणि पुरस्कार. एवढे ऐकून कोणाचे काय, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि अर्ध्या तासाने ग्रंथालय अधिकारी बोलायला उभे राहिले की मंडपात कुजबुज सुरू होते, "हे कोण?"

आपल्या उदाहरणात परिचय असे वाटता येतील.

सरपंच आणि सचिव यांना गाव ओळखते. त्यांच्यासाठी नाव आणि पद पुरे.

अध्यक्षांची ओळख सूचनेत होते. साधारण ५० शब्द.

देणगीदाराचीही गावाला ओळख असते, पण त्याने काय दिले हे सगळ्यांना माहीत नसते. त्याच्या मनोगताआधी ४०-५० शब्दांत जागा कोणती, कधी दिली आणि तिथे काय उभे राहिले ते सांगा.

प्रमुख पाहुणे बाहेरून आलेले असतात. त्यांचाच परिचय सर्वांत नीट लिहावा लागतो. ८०-१०० शब्द, म्हणजे एक मिनिट.

उद्घाटक लोकप्रतिनिधी असतील तर त्यांची कारकीर्द सांगत बसू नका. या कामाशी त्यांचा काय संबंध, एवढे ५० शब्दांत सांगा. स्तुती वाढली की संस्थेचा कार्यक्रम प्रचारसभेसारखा वाटू लागतो.

एक मिनिटाचा परिचय कसा लिहायचा?

पाहुण्यांकडून मिळालेला बायोडाटा जसाच्या तसा वाचू नका. त्यातून चार गोष्टी निवडा: आत्ताचे पद, आजच्या विषयाशी जुळणारे एखादे काम, गावाशी किंवा परिसराशी नाते, आणि ते आज कशावर बोलणार आहेत. नाव शेवटी ठेवा, म्हणजे नाव उच्चारल्याबरोबर टाळ्या येतात आणि पाहुणे उठतात.

नमुना:

"परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला पुस्तकाइतकीच शांत जागा लागते. खेड्यांतल्या वाचनालयांत अशा जागा तयार व्हाव्यात म्हणून आजचे प्रमुख पाहुणे गेली काही वर्षे काम करत आहेत. आपल्या वाचनालयाची पाहणी करायला ते आले, तेव्हा दोन तास थांबून त्यांनी नोंदवह्या कशा ठेवायच्या ते सचिवांना शिकवले होते. आज ते अभ्यासिका वर्षभर कशी चालवायची यावर बोलणार आहेत. मी विनंती करतो, जिल्हा ग्रंथालय अधिकारी माननीय श्री. … यांना."

यात पदवी नाही, पुरस्कार नाहीत, तरी माणूस कळतो. शेवटच्या वाक्यात पद आणि नाव एकत्र आल्याने परिचय आणि भाषणाची विनंती एकाच दमात होते. अर्थात असा प्रसंग खरा असेल तरच सांगा. तो मिळवायला पाहुण्यांना किंवा सचिवांना एक फोन करावा लागतो.

लिहिताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली म्हणजे आजी-माजी. सदस्यत्वाची मुदत संपलेली असते आणि जुन्या पत्रिकेवरून पद उतरवले जाते. दुसरी गावांच्या नावांची. बायोडाट्यात नुसते "कर्जत" असेल तर ते आपले की रायगड जिल्ह्यातले, हे विचारून घ्या. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्यामुळे जुन्या कागदावरचे "अहमदनगर" तसेच वाचले जाणार नाही हे पाहा. तिसरी चूक सरपंच महिला असतील तेव्हा होते. मानाने त्यांच्या पतीचे नाव पुकारले जाते आणि सरपंच बाजूला राहतात. पद ज्यांचे आहे, खुर्ची, सत्कार आणि माईक त्यांनाच.

संपूर्ण क्रम, वेळेसह

आता सगळे एकत्र मांडू. पत्रिकेवर वेळ सकाळी ११ ची आहे असे धरू.

१. फलक अनावरण, फीत, आत फेरी: ८ मिनिटे
२. पाहुणे आसनस्थ: ४ मिनिटे
३. राज्यगीत: २ मिनिटे
४. अध्यक्षांची सूचना व अनुमोदन: ३ मिनिटे
५. प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन: ५ मिनिटे
६. स्वागत व सत्कार (वरून खाली): ८ मिनिटे
७. प्रास्ताविक, सचिव: ७ मिनिटे
८. देणगीदाराचा परिचय व मनोगत: ५ मिनिटे
९. सरपंचांचे मनोगत: ४ मिनिटे
१०. प्रमुख पाहुण्यांचा परिचय व भाषण: १२ मिनिटे
११. उद्घाटकांचा परिचय व भाषण: ११ मिनिटे
१२. अध्यक्षीय भाषण: ८ मिनिटे
१३. आभार: ४ मिनिटे
१४. राष्ट्रगीत: १ मिनिट

बेरीज होते ८२ मिनिटे. म्हणजे सगळे वेळेत झाले तर १२ वाजून २२ मिनिटांनी कार्यक्रम संपतो. पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे धरली तरी जेवणाच्या वेळेआधी लोक मोकळे होतात.

"जय जय महाराष्ट्र माझा" हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत आहे. त्याची अधिकृत आवृत्ती १ मिनिट ४१ सेकंदांची आहे. सरकारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते वाजवले किंवा गायले जाते. खासगी संस्थेने ते घ्यायचे ठरवले तर मोबाइलवरची लांब आवृत्ती न लावता अधिकृत आवृत्ती आधी उतरवून ठेवा. राष्ट्रगीत पूर्ण गायला साधारण ५२ सेकंद लागतात. आभार मानणाऱ्याने "कार्यक्रम संपला" असे म्हणू नये, कारण ते ऐकताच लोक उठतात. आभारानंतर लगेच "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभे राहावे" हे वाक्य आले पाहिजे.

प्रतिमापूजनासाठी कोणाच्या प्रतिमा ठेवल्या आहेत ते स्वतः टेबलाजवळ जाऊन पाहा आणि त्याच क्रमाने नावे लिहा. या भागात अहिल्यादेवी होळकरांची प्रतिमा पुष्कळदा असते, कारण त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यातच आहे.

सत्काराचे कार्ड: दोन नावे नाही, तीन

सत्काराच्या प्रत्येक ओळीत कोणाचा सत्कार आणि कोणाच्या हस्ते, ही दोन नावे असतातच. तिसरे नाव राखीव ठेवा. हस्ते सत्कार करणारा माणूस नेमका चहाच्या सोयीला गेलेला असतो आणि नाव तीनदा पुकारूनही येत नाही. तेव्हा चौथ्यांदा न पुकारता शांतपणे राखीव नाव घ्यायचे. शाल, श्रीफळ किंवा पुस्तक ज्या क्रमाने द्यायचे त्याच क्रमाने टेबलावर लावायला एक जण नेमा.

आमदार उशिरा आले तर?

हे होणारच असे धरून स्क्रिप्ट लिहा. त्यासाठी संपूर्ण स्क्रिप्ट एका लांब कागदावर नको. प्रत्येक टप्प्यासाठी एक वेगळे कार्ड करा आणि वर मोठ्या आकड्यात क्रम टाका. म्हणजे कार्डे पुढेमागे करता येतात.

उद्घाटक अर्धा तास उशिरा येणार असे कळले, तर फीत तशीच ठेवा आणि सभा सुरू करा. राज्यगीत, सूचना-अनुमोदन, प्रतिमापूजन, उपस्थितांचे स्वागत, प्रास्ताविक, देणगीदार आणि सरपंचांची मनोगते इथपर्यंत उद्घाटकांशिवाय जाता येते. पाहुणे आले की चालू भाषण मधेच तोडू नका. वक्त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्या, मग उद्घाटकांचे स्वागत करा आणि सर्वांना दाराशी न्या. फीत कापून झाली की सभा पुढच्या कार्डापासून सुरू.

उलट, उद्घाटकांना लवकर निघायचे असेल तर त्यांचे भाषण प्रमुख पाहुण्यांच्या आधी घ्यावे लागते. तेव्हा बदल अध्यक्षांना विचारून करा आणि माईकवर तसे सांगा:

"उद्घाटकांना पुढील कार्यक्रमासाठी निघायचे असल्याने, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने क्रमात थोडा बदल करत आहोत."

या एका वाक्याने प्रमुख पाहुण्यांचा अपमान टळतो. पण दोन गोष्टी हलवू नका. अध्यक्षांचे भाषण शेवटीच राहू द्या आणि देणगीदाराचे मनोगत उद्घाटकांच्या आधीच ठेवा. लोकप्रतिनिधी निघाले की त्यांच्यासोबत कार्यकर्ते निघतात, कॅमेरे निघतात आणि बरीचशी गर्दीही निघते. ज्याने जमीन दिली त्याने उरलेल्या खुर्च्यांसमोर बोलावे, अशी वेळ येऊ देऊ नका. फार घाई असेल तर त्याचे मनोगत दोन मिनिटांवर आणा, पण मागे ढकलू नका.

माईकवर जाण्याआधी शेवटची नजर

"मा." असे लिहिलेले असेल तर वाचताना "माननीय" म्हणा, आणि तेही एका नावाला एकदाच. "माननीय श्री. अमुक साहेब" हे तिन्ही मान एकत्र लावले की नाव त्यात हरवते. गावात कोणाला आण्णा, कोणाला नाना म्हणतात. परिचयात आधी पूर्ण नाव घ्या, मग हवे तर एकदा ते प्रेमाचे नाव. विवाहित की अविवाहित हे माहीत नसेल तर "श्रीमती" चालते.

चारोळ्या घ्यायच्या असतील तर दोन-तीन पुरेत. सुरुवातीला एक, देणगीदाराआधी एक. प्रत्येक वक्त्याआधी एक अशा सहा-सात झाल्या, तर पाच-सहा मिनिटे तिथेच जातात.

शेवटी व्यासपीठावरच्या प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे चार खुणा आल्या का ते पाहा: आसनस्थ करताना, सत्कारात, बोलण्याच्या क्रमात आणि आभारात. बोलणार नसलेल्या व्यक्तीच्या तीन खुणा हव्यात. एखाद्या नावापुढची खूण रिकामी दिसली तर ते नाव कुठेतरी राहिले आहे. ते आत्ताच कार्डावर लिहा, म्हणजे कार्यक्रमानंतर त्या घरी समजूत काढायला जावे लागणार नाही.